इन्सुलेटेड टोक फायनाइट डिफरन्समध्ये कसं बसवायचं: घोस्ट पॉइंट वापरून, सेकंड ऑर्डर न घालवता

रॉडचं एक टोक इन्सुलेटेड आहे म्हणजे तिथून उष्णता बाहेर जात नाही, म्हणजे त्या टोकाला `u' = 0`. बरेच जण हे कोडमध्ये `u[N] = u[N-1]` असं एका ओळीत उरकतात. प्रोग्राम चालतो, ग्राफही ठीकठाक दिसतो, म्हणून कोणाला शंकाच येत नाही, पण आतमध्ये सेकंड ऑर्डरची सगळी मेहनत त्या एका ओळीत वाया गेलेली असते.

हातानेच करून बघू. लांबी १ चा रॉड, डावं टोक शून्य तापमानाला धरलेलं, उजवं इन्सुलेटेड, आणि आत उष्णता तयार होतेय जी उजवीकडे वाढत जाते: `u'' = -x`. याचं खरं उत्तर `u = x/2 - x³/6`, म्हणजे उजव्या टोकाला १/३, साधारण ०.३३३३. ग्रिडचे चार भाग करा, `h = 0.25`, नोड ० ते ४.

पहिली पायरी: रॉडच्या बाहेर, नोड ४ च्या पलीकडे `h` अंतरावर, एक नोड ५ आहे असं समजा. हाच घोस्ट पॉइंट. तिथे रॉड नाही, तापमान नाही, फक्त समीकरण लिहायची सोय आहे.

दुसरी पायरी: `u' = 0` ही अट टोकाच्या नोडवर सेंट्रल डिफरन्सने लिहा, `(u5 - u3)/(2h) = 0`, म्हणजे `u5 = u3`. एकतर्फी फरकाची चूक `h` च्या प्रमाणात असते, याची `h²` च्या, सगळा खेळ इथेच आहे.

तिसरी पायरी लोक विसरतात. टोकाच्या नोडवरसुद्धा मूळ समीकरण लावायचं: `u5 - 2u4 + u3 = -h²·1`. आता `u5` च्या जागी `u3` टाका, घोस्ट गायब, आणि उरतं `2u3 - 2u4 = -h²`, म्हणजे `u4 - u3 = h²/2 = 0.03125`.

मग उजवीकडून डावीकडे येत प्रत्येक नोडला `h²·x` मिळवत गेलं की शेजारच्या नोडमधले फरक मिळतात: ०.०३१२५, ०.०७८१२५, ०.१०९३७५, ०.१२५. बेरीज ०.३४३७५, चूक ०.०१०४. शॉर्टकटमध्ये पहिला फरक शून्य धरला जातो, म्हणून शेवटी ०.२१८७५ येतं आणि चूक ०.११४६, दहापटीहून जास्त.

हे `h²/2` कुठून आलं? शेवटच्या नोडच्या वाट्याला रॉडचा अर्धाच सेल येतो, आणि त्या अर्ध्या सेलमध्येही उष्णता तयार होतेय जी डावीकडे जायलाच हवी. शॉर्टकट ती उष्णता गिळून टाकतो. आणि त्याचा परिणाम टोकापुरता राहत नाही, अख्ख्या रॉडभर उत्तर खाली येतं, कारण प्रत्येक नोडमधून जाणारा उष्णतेचा प्रवाहच तेवढा कमी झाला.

ऑर्डर खरंच टिकली का ते तपासायला `h` निम्मा करा, ०.१२५. घोस्टवाल्याची चूक ०.००२६ होते, म्हणजे चौथाई, शॉर्टकटची ०.०५९९, म्हणजे जेमतेम निम्मी. स्वतःच्या कोडवरही हीच टेस्ट लावा, फक्त उत्तर माहीत असलेला प्रश्न घ्या, आणि तो `u'' = -1` नको, कारण तिथे वर्गाची पदावली असल्यामुळे घोस्टवाली पद्धत बिनचूक उत्तर देते आणि ऑर्डर काही कळत नाही.

एक गोष्ट घाबरवते: टेलर लावून बघितलं तर टोकाच्या समीकरणाची स्थानिक चूक `h` च्याच ऑर्डरची निघते. ते बरोबरच आहे, पण ती फक्त एका नोडवर आहे, त्यामुळे उत्तराची एकूण चूक `h²` चीच राहते, वरचे आकडे तेच सांगतात.

वेळेबरोबर बदलणारं, स्रोत नसलेलं उष्णतेचं समीकरण असेल तर घोस्ट साठवायचीही गरज नाही, `r = αΔt/h²` धरून:

```python
un[1:-1] = u[1:-1] + r*(u[2:] - 2*u[1:-1] + u[:-2])
un[-1] = u[-1] + 2*r*(u[-2] - u[-1])
```

`r` अर्ध्याच्या वर नेऊ नका. ॲरेमध्ये घोस्ट ठेवलाच असेल तर तो प्रत्येक स्टेपला नव्याने भरा, शिळा राहिला की टोकातून उष्णता गळायला लागते. आणि `u5 = u4` असं भरू नका, ते सेलच्या मध्यावर नोड असलेल्या ग्रिडसाठी आहे जिथे भिंत दोन नोडच्या मधोमध येते, आपल्या ग्रिडवर त्याने ०.४६८७५ येतं.

दोन्ही टोकं इन्सुलेटेड करून एकूण उष्णता तपासायची असेल तर साधी बेरीज घेऊ नका, टोकाच्या दोन्ही नोडना अर्धं वजन द्या, ती बेरीज राउंडऑफ सोडता जराही हलली नाही पाहिजे.