लातूरच्या फर्निश्ड फ्लॅटची यादी: ‘स्थिती’चा रकाना कामी आला

आधीच्या घरमालकांनी कूलरच्या गंजलेल्या टाकीचे पैसे डिपॉझिटमधून कापले होते. टाकी आम्ही राहायला येण्याआधीपासूनच गंजलेली, पण पुरावा काय? त्यामुळे लातूरचा फ्लॅट घेताना सामान आत नेण्याआधीच यादी केली.

करारात नुसतं ‘गीझर १, कूलर १, पलंग २’ असं असतं. त्यावरून वस्तू आहे की नाही एवढंच कळतं, भांडण मात्र स्थितीवरून होतं. म्हणून प्रत्येक वस्तूपुढे कंपनी, सीरियल नंबर आणि आजची स्थिती लिहिली. ‘ठीक’ हा शब्द टाळला. ‘गीझर चालू, पाणी तापायला वेळ लागतो, खालच्या नळीवर क्षार’, ‘कपाटाच्या डाव्या दाराची बिजागरी सैल’ असं लिहिलं. इन्व्हर्टरच्या बॅटरीचा नंबर तर हमखास घ्यावा, बदलल्याचा आरोप तिथेच होतो. गीझर, पंखे, कूलर नव्या घरमालक काकांसमोरच चालवून पाहिले.

काका म्हणाले, “एवढा अविश्वास कशाला?” मी म्हटलं, “काका, तुमचीही वस्तू जपली जाईल की.” मग दोन प्रतींवर, प्रत्येक पानावर दोघांच्या तारखेसह सह्या झाल्या. फोटोही त्याच दिवशी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले.

घर सोडताना गीझरचं कॉइल गेलेलं. इकडे बोअरचं पाणी जड, क्षार साचतातच. काकांनी यादीतली ओळ वाचली आणि कॉइलचा खर्च स्वतःकडे घेतला. काचेचा एक ग्लास कमी भरला, त्याचे पैसे मी दिले.