एप्रिलच्या रात्री मनगटावर घड्याळ बांधण्याआधी

सांगलीत एप्रिल लागला की अनेकांचा रात्रीचा पल्स स्मार्टवॉचवर हिवाळ्यापेक्षा वर दिसतो, एचआरव्ही खाली येतो, आणि पहिली शंका तब्येतीची येते. वरच्या मजल्यावर झोपत असाल तर आधी स्लॅबकडे बघा. झोप लागताना शरीर आतली उष्णता हातापायांच्या कातडीतून बाहेर टाकतं. खोलीच गरम असेल तर कातडीकडे जास्त रक्त पाठवावं लागतं, हृदय जास्त वेळा धडकतं आणि दोन ठोक्यांमधल्या अंतरातला नैसर्गिक चढउतार कमी होतो. एचआरव्ही म्हणजे तोच चढउतार. तुमच्या खोलीत हेच होतंय का, ते नऊ रात्रींत बघता येतं. त्याची ही तयारी.

किमान-कमाल तापमान लक्षात ठेवणारा छोटा डिजिटल थर्मामीटर आणा. तो भिंतीला टांगू नका, पश्चिमेची भिंत रात्री अकरालाही हाताला गरम लागते. गादीच्या उंचीच्या स्टुलावर, उशीपासून हातभर लांब ठेवा. पंखा लावल्याने त्यावरचा आकडा उतरणार नाही, कारण पंखा हवा थंड करत नाही, अंगाभोवतीची गरम हवा हलवतो आणि घाम वाळवतो. म्हणून वहीत तापमानाशेजारी रेग्युलेटरचा नंबरही लिहायचा, नाहीतर 30 अंशांच्या दोन रात्री सारख्याच वाटतील आणि त्या तशा नसतात.

पांघरूण एकदा मोजून ठेवा. काट्यावर आधी नुसतं उभं राहायचं, मग वाकळ हातात घेऊन. फरक तेवढं वजन. पण नुसत्या वजनावरून ऊब कळत नाही. पॉलिएस्टरचं मऊ ब्लँकेट वाकळेपेक्षा हलकं भरतं आणि घाम मात्र जास्त कोंडतं, तेव्हा कापडही लिहा. घड्याळ मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, घसरणार नाही इतपतच घट्ट बांधा आणि मागची काच घामाची राहू देऊ नका. घरात दोन कंपन्यांची घड्याळं असतील तर आकडे एकमेकांशी लावू नका. एचआरव्ही मोजायच्या पद्धती वेगळ्या असतात: ॲपलचं घड्याळ SDNN दाखवतं, बाकीची बरीचशी RMSSD.

आता एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलाला तीन रात्री द्यायच्या, कारण एचआरव्ही एरवीही रोज हलतो. जेवण झोपेच्या तीन तास आधी, झोपायची वेळ रोज तीच, दारू नाही. समजा, फेब्रुवारीत पल्स 58 आणि RMSSD 42 होता. एप्रिलच्या पहिल्या तीन रात्री नेहमीसारख्या: पंखा तीनवर, अंगावर वाकळ, खोली अकराला 31 आणि पहाटे 28 अंश. सरासरी आली 64 आणि 31. पुढच्या तीन रात्री फक्त वाकळेच्या जागी पातळ सुती चादर घेतली. 62 आणि 35. शेवटच्या तीन रात्री तीच चादर, तोच पंखा, आणि एसी 26 वर. 59 आणि 40. म्हणजे वाढलेल्या सहा ठोक्यांपैकी दोन वाकळेचे, तीन खोलीचे. उरलेल्या एका ठोक्यामागे लागू नये.

सगळ्यात जास्त घोळ एसीच्या टायमरने होतो. 22 वर लावून दोन तासांनी बंद केला की हवा गार झालेली असते, स्लॅब नाही. दारं-खिडक्या बंद असतात, स्लॅब उष्णता सोडत राहतो आणि आलेखात मध्यरात्रीनंतर पल्स चढू लागतो, नेमका तेव्हाच, जेव्हा तो उतरायला हवा. त्यापेक्षा 27 वर रात्रभर ठेवा आणि पंखा एकवर लावा. फार गार खोलीचंही तसंच आहे. अंगावर जाड पांघरूण ओढलं जातं, आत गरम होतं, आणि उघड्या हाताच्या रक्तवाहिन्या आकसल्याने सेन्सरला नाडी नीट सापडत नाही. आलेखात तुटक जागा दिसल्या तर त्या रात्रीचा एचआरव्ही सोडून द्या. लाईट गेली तर वेळ टिपा. इन्व्हर्टरवर बहुतेक ठिकाणी पंखाच चालतो, त्यामुळे ती रात्र एसीच्या सरासरीत धरू नका.

बायकांनी तुलना पाळीच्या चक्राच्या त्याच टप्प्यातली करावी, कारण पाळीच्या आधीच्या दिवसांत पल्स आपोआपच थोडा वर असतो. ठोके अनियमित पडण्याचा आजार असेल तर एचआरव्हीच्या आकड्यावरून काहीच ठरवू नका. आणि खोली 26 अंशांवर, चादर पातळ, तरी पल्स सलग काही रात्री चढलेलाच राहिला तर काखेत थर्मामीटर लावून ताप बघा. ताप नसेल तर हीच वही घेऊन डॉक्टरांकडे जा.