राउटरची सेटिंग बदलण्याआधी बॅकअप कसा घ्यावा आणि रीसेटनंतर तो परत कसा चढवावा

राउटरमध्ये काहीतरी बदलायला जावे आणि इंटरनेटच बंद पडावे, मग नाइलाजाने रीसेटचे बटण दाबावे लागते. रीसेट झाला की वाय-फायचे नाव, पासवर्ड, इंटरनेट कंपनीने दिलेला लॉगिन, प्रिंटरसाठी राखून ठेवलेला पत्ता, कॅमेऱ्यासाठी उघडलेला पोर्ट हे सगळे पुसले जाते. बदल करण्याआधी सगळ्या सेटिंगची एक फाइल उतरवून ठेवली असेल तर हे सारे पाच-दहा मिनिटांत परत येते. मात्र फाइल उतरवणे हा यातला सोपा भाग आहे. गडबड होते ती फाइल परत चढवताना, म्हणून या लेखात जास्त जागा त्या भागाला दिली आहे.

फाइल उतरवणे

हे काम शक्यतो लॅपटॉप किंवा संगणकावरून करा आणि तो नेटवर्क केबलने राउटरच्या `LAN` पोर्टला जोडा. बॅकअप वाय-फायवरूनही घेता येतो, पण रीसेटनंतर वाय-फायचे नाव बदलणार आहे आणि तेव्हा केबल लागणारच आहे. ती चालते की नाही हे आधीच कळलेले बरे.

आता राउटरचा पत्ता शोधा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप करा:

```
ipconfig
```

`Default Gateway` या ओळीपुढे जो आकडा दिसतो तो राउटरचा पत्ता. बहुतेक ठिकाणी तो `192.168.0.1` किंवा `192.168.1.1` असतो. तो ब्राउझरच्या पत्तापट्टीत टाका आणि प्रशासकाच्या पासवर्डने लॉगिन करा. हा पासवर्ड आणि वाय-फायचा पासवर्ड वेगळे असतात. पुढे रिस्टोअर करताना याच फरकामुळे गोंधळ होतो.

बॅकअपचे पान प्रत्येक कंपनी वेगळ्या ठिकाणी ठेवते, पण `System Tools`, `Administration` किंवा `Management` या मेनूंत शोधले की सापडते. पानाचे नाव `Backup & Restore`, `Save/Restore Settings` असे काहीतरी असते. तिथल्या `Backup` किंवा `Save` बटणावर क्लिक केले की `config.bin` किंवा `.cfg` शेवट असलेली फाइल उतरते. राउटरचे पान साध्या `http` वर चालत असल्यामुळे काही ब्राउझर ही फाइल असुरक्षित म्हणून अडवतात. उतरलेल्या फाइलींच्या यादीत जाऊन `Keep` निवडले नाही तर फाइल प्रत्यक्षात जतनच होत नाही.

त्याच पानाशेजारी `Factory Defaults` किंवा `Reset` नावाचे बटण असते. बॅकअप हाती येण्याआधी त्यावर चुकून क्लिक होणार नाही एवढे बघा.

फाइल खरी आहे का, हे तपासणे

आधी फाइलचा आकार पाहा. घरगुती राउटरची फाइल सहसा काही किलोबाइटपासून काहीशे किलोबाइटपर्यंत असते. 0 किलोबाइट दिसले तर बॅकअप झालेलाच नाही.

दुसरा दोष जास्त फसवा आहे. लॉगिन करून बराच वेळ पान नुसते उघडे राहिले की राउटर आपल्याला गुपचूप बाहेर काढतो. त्यानंतर `Backup` दाबले तर काही राउटर सेटिंगऐवजी लॉगिनचे पानच पाठवतात आणि ब्राउझर तेच `config.bin` नावाने जतन करतो. नाव बरोबर, आकारही शंका येऊ नये असा. फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहा. सुरुवातीलाच `<html` किंवा `<!DOCTYPE` दिसले तर ते वेबपान आहे, बॅकअप नव्हे. पुन्हा लॉगिन करून लगेच फाइल उतरवा. विचित्र चिन्हांची खिचडी दिसली तर काळजी नको, बऱ्याच कंपन्या फाइल सांकेतिक रूपातच देतात. नोटपॅडमधून बाहेर पडताना मात्र फाइल जतन करू नका. एक अक्षर जरी बदलले तरी राउटर ती नाकारू शकतो.

पक्की खात्री करायची असेल तर सगळे सुरळीत चालू असतानाच ती फाइल त्याच राउटरवर परत चढवून पाहा. राउटर दोन-तीन मिनिटांसाठी बंद होऊन सुरू होईल आणि सेटिंग जशीच्या तशी राहील. फाइल नाकारली गेली तर ती आताच नाकारली जाईल, आणि सेटिंग अजून राउटरमध्ये शाबूत असल्याने दुसरी फाइल घेता येईल. ही पायरी बहुतेक लोक गाळतात. आमच्या मते बॅकअपवर भरवसा ठेवण्याचा एवढाच खरा मार्ग आहे.

फाइलला अर्थ सांगणारे नाव द्या: मॉडेल, हार्डवेअरची आवृत्ती, फर्मवेअरची म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि तारीख. हार्डवेअरची आवृत्ती राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर `Ver` किंवा `V` पुढे असते, फर्मवेअरची पहिल्या किंवा `Status` पानावर. हा नुसता टापटिपीचा भाग नाही. एकाच मॉडेलच्या `V2` आणि `V3` मध्ये आतली चिप वेगळी असू शकते, आणि एकाची फाइल दुसरा घेत नाही.

जोडीला चार पानांचे स्क्रीनशॉट घ्या: इंटरनेट जोडणी (`WAN`), वाय-फाय, राखीव पत्ते (`Address Reservation`) आणि पोर्ट फॉरवर्डिंग. फाइल नाकारली गेली तर हेच हाताने भरायचे असते. फाइल आणि स्क्रीनशॉट संगणकावर तर ठेवाच, पण एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा मोबाइलमध्येही ठेवा. इंटरनेट बंद असताना ऑनलाइन साठवलेली प्रत हाताशी येत नाही. या फाइलमध्ये इंटरनेटचा आणि वाय-फायचा पासवर्ड असतो, तेव्हा ती कोणालाही सहज पाठवू नका.

एक उदाहरण: रीसेटपासून रिस्टोअरपर्यंत

समजा राउटरचा कारखान्यातला मूळ पत्ता `192.168.0.1` आहे, पण वापरणाऱ्याने तो बदलून `192.168.10.1` केला आहे. प्रिंटरसाठी `192.168.10.50` हा पत्ता राखीव आहे. आता काहीतरी बदलताना `DHCP` बंद झाले. उपकरणांना आपोआप पत्ते वाटण्याचे काम हेच करते. थोड्या वेळाने एकेक उपकरण तुटते आणि राउटरचे पानही उघडत नाही.

इथे रीसेटकडे धावण्याआधी `ipconfig` पाहा. संगणकाचा पत्ता `169.254` ने सुरू होत असेल तर राउटर बिघडलेला नाही, तो फक्त पत्ता देत नाही. संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये हाताने `192.168.10.5` हा पत्ता आणि `255.255.255.0` हा सबनेट मास्क भरा. मग `192.168.10.1` उघडून `DHCP` परत सुरू करा. बऱ्याचदा रीसेट इथेच टळतो. काम झाले की संगणकाची सेटिंग परत आपोआप पत्ता घेण्यावर आणा. ती तशीच राहिली तर पुढे रीसेट केल्यावरही पान उघडणार नाही आणि कारण लक्षात येणार नाही.

एवढे करूनही जमले नाही तर रीसेट करा. राउटर चालू असताना मागचे छोटे बटण टाचणीने किंवा पिनने दाबून साधारण 10 सेकंद धरा. सगळे दिवे एकदम लुकलुकले किंवा विझून पेटले की सोडा. काही राउटरवर `WPS`, म्हणजे पासवर्ड न टाकता वाय-फाय जोडण्याची सोय, आणि रीसेट यांना एकच बटण असते. ते क्षणभर दाबले तर फक्त `WPS` सुरू होते, रीसेट होत नाही. दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबा.

आता राउटर `192.168.0.1` वर आहे आणि पासवर्डही कारखान्यातला आहे. तो लेबलवर असतो; काही राउटर पहिल्या लॉगिनला नवा पासवर्ड ठेवायला सांगतात. तेव्हा काहीतरी तात्पुरता ठेवा, तो पुढच्या काही मिनिटांपुरताच आहे. इंटरनेट जोडणी विचारणारा मार्गदर्शक समोर आला तर तो `Skip` करा, सगळे पुन्हा भरण्यात अर्थ नाही. थेट `Backup & Restore` वर जा, फाइल निवडा आणि `Restore` दाबा. राउटर आपला आपण बंद होऊन सुरू होईपर्यंत त्याची वीज बंद करू नका.

नेमका इथे घोळ होतो. टक्केवारीची पट्टी शंभरावर पोचते आणि ब्राउझर म्हणतो की पान सापडत नाही. रिस्टोअर फसले असे वाटून लोक पुन्हा रीसेट करतात. खरे तर रिस्टोअर यशस्वी झाले म्हणूनच पान सापडत नाही: राउटर आता जुन्या `192.168.10.1` या पत्त्यावर गेला आहे आणि ब्राउझर अजून `192.168.0.1` वर वाट पाहत बसला आहे. नेटवर्क केबल काढून पाच सेकंदांनी परत लावा, म्हणजे संगणक नवा पत्ता घेईल, आणि मग `192.168.10.1` उघडा. लॉगिनला बॅकअप घेतला त्या दिवशीचा प्रशासकाचा पासवर्ड लागेल. लेबलवरचा किंवा मघाशी ठेवलेला तात्पुरता चालणार नाही. वाय-फायचे जुने नाव आणि पासवर्डही परत आल्यामुळे मोबाइल आपोआप जोडले जातात.

आत गेल्यावर आधी `DHCP` चालू आहे ना ते पाहा. बॅकअप बदलाच्या आधीचा असेल तर ते चालूच असेल. मग `Status` पानावर इंटरनेट जोडणीला पत्ता मिळाला का ते पाहा, आणि प्रिंटरला `192.168.10.50` मिळाला का तेही तपासा.

राउटर फाइल नाकारतो तेव्हा

चूक फाइलच्या स्वरूपात आहे असा संदेश आला तर बहुधा हार्डवेअर आवृत्ती वेगळी असते किंवा मघाशी सांगितल्याप्रमाणे फाइलच्या जागी वेबपान असते. दोन्ही ठीक असतील तर फर्मवेअर पाहा. जुन्या फर्मवेअरवर घेतलेली फाइल नव्यावर बऱ्याचदा चालते, पण नव्यावरची जुन्यावर सहसा चालत नाही. अशा वेळी बॅकअपच्या नावात लिहिलेली फर्मवेअर आवृत्ती कंपनीच्या साइटवरून घेऊन चढवावी लागते, मग फाइल. म्हणून फर्मवेअर अपडेट करायचे असेल तर एक बॅकअप आधी घ्या, आणि अपडेटनंतर सगळे नीट चालते आहे असे दिसले की दुसरा घ्या.

इंटरनेट कंपनीने दिलेल्या फायबर मोडेममध्ये बॅकअपचे पान कधी कधी लपवलेले असते. तो रीसेट केल्यावर सेटिंग कंपनीकडूनच दुरून भरली जाते, किंवा त्यांचा तंत्रज्ञ येऊन भरतो. त्यामुळे आपला राउटर वेगळा असेल तर रीसेट फक्त त्याचाच करा, त्या मोडेमचे बटण दाबू नका.

आणखी एक प्रसंग असा आहे की तेव्हा फाइल चढवूच नये. राउटर आठवडाभर अडखळत होता, म्हणून रीसेट केला आणि लगेच त्या अडखळण्याच्या काळातलाच बॅकअप चढवला, तर चुकीची सेटिंगही सोबत परत येते. अशा वेळी कोऱ्या राउटरवर स्क्रीनशॉट पाहून आधी फक्त इंटरनेट जोडणी आणि वाय-फाय भरा आणि एक-दोन दिवस वापरा. नीट चालले तर राखीव पत्ते आणि पोर्ट एकेक करून भरा. ज्या सेटिंगनंतर त्रास परत सुरू होईल ती तिथल्या तिथे सापडेल.