घड्याळ आईच्या मनगटावर, पावलं मुलाच्या खात्यात: बँड जोडताना या चुका टाळा

मुलानं नवीन स्मार्टवॉच घेतलं की जुना फिटनेस बँड आईकडे नाहीतर वडिलांकडे येतो. सोलापुरात हे घरोघरी दिसतं, कारण मुलं पुण्याला नोकरीला आणि आईवडील इथे. दिवाळीला आलेला मुलगा घाईघाईत बँड आईच्या फोनला जोडून देतो, रविवारी संध्याकाळची गाडी पकडतो आणि आठवड्याभरात तक्रार सुरू होते.

जुळे सोलापुरातल्या एका काकूंची तक्रार त्यांच्याच शब्दांत सांगतो: "मी चालायलेय इथं संभाजी तलावाला, आन् पावलं पडायलीत पुण्यात." झालं होतं ते असं. मुलाच्या ॲपमध्ये रोज पहाटे साडेपाचला चालण्याची नोंद दिसायची, तेव्हा तो गाढ झोपलेला असायचा. काकूंच्या फोनवर झोपेचा आलेख होता, पण त्यात रात्री दीडपर्यंत जाग दाखवलेली. काकू दहाला झोपतात. जागरण मुलाचं होतं, त्याच्या नवीन घड्याळानं नोंदवलेलं.

पहिली आणि मोठी चूक: दुसऱ्याच्या खात्यात लॉगिन

बँडला आपण कोणाच्या हातावर आहोत हे कळत नाही. त्यावर नाव नसतं, फोटो नसतो. तो पावलं, ठोके आणि झोप साठवतो आणि ब्लूटूथवरून ॲपला देतो. ती नोंद कोणाच्या नावावर जाईल हे ॲपमध्ये त्या वेळी कोणतं खातं उघडं आहे त्यावर ठरतं. फोन आईचा आहे, बँड आईच्या हातावर आहे, पण ॲपमध्ये मुलाचं खातं असेल तर सगळी नोंद मुलाचीच.

काकूंच्या घरी नेमकं हेच झालं होतं. आईच्या नावानं नवीन खातं काढायचं म्हणजे ओटीपी, पासवर्ड, जन्मतारीख. त्यापेक्षा मुलानं स्वतःचं खातं टाकून दिलं, बँड लगेच चालू झाला आणि सगळे खूश. पुढे त्याच खात्यावर त्याचं नवीन घड्याळही आलं. आता एका खात्यावर दोन मनगटं झाली.

हे ओळखायला सोपी चाचणी आहे. दोन्ही फोनवर ॲप उघडून आजची पावलं बघा. मग बँड घातलेल्या माणसानं घरातच मोजून शंभर पावलं चालायचं आणि ॲपचा पहिला पडदा खाली ओढून सिंक करायचं. ज्या ज्या ॲपमध्ये साधारण शंभर वाढली, तिथे तुमची नोंद जाते आहे. त्यानंतर दोन्ही फोनवर प्रोफाइलमध्ये जाऊन खात्याचा नंबर किंवा ईमेल ताडून बघा. काकूंच्या बाबतीत दोन्हीकडे एकच ईमेल निघाला.

नुसती नावाची अदलाबदल असती तर एवढं लिहिलं नसतं. प्रोफाइलमधलं वय आणि उंची धरूनच ॲप पुढचा हिशोब करतं. काकूंचं वय ५८, मुलाचं २९. बरीच ॲप जास्तीत जास्त ठोक्यांचा अंदाज २२० वजा वय असा काढतात. काकूंसाठी तो १६२ येतो, मुलासाठी १९१. तलावाला चक्कर मारताना काकूंचे ठोके १२५ झाले, तर ते त्यांच्या मर्यादेच्या सुमारे ७७ टक्के आहेत, म्हणजे चांगलाच दमवणारा व्यायाम. मुलाच्या प्रोफाइलवर तेच १२५ फक्त ६५ टक्के ठरतात आणि ॲप त्याला हलका व्यायाम म्हणतं. अंतराचंही तसंच. जीपीएस नसलेला बँड उंचीवरून पावलाची लांबी धरतो. १५२ सेंटीमीटर उंचीच्या बाईचं पाऊल साधारण ६३ सेंटीमीटर, १७८ सेंटीमीटर उंचीच्या मुलाचं साधारण ७४. सात हजार पावलांना एकीकडे ४.४ किलोमीटर, दुसरीकडे ५.२. काकू हा आलेख दाखवायला डॉक्टरांकडे नेणार होत्या, म्हणून मला हे फार गंभीर वाटलं. दोन माणसांच्या ठोक्यांची सरासरी कोणाच्याच उपयोगाची नसते.

दुसरी चूक: सोडवताना उलट्या क्रमानं जाणं

चूक कळल्यावर काकूंच्या पुतण्यानं आधी ॲप काढून टाकलं. मग बँडच्या सेटिंगमध्ये जाऊन तो फॅक्टरी रिसेट केला. मग काकूंच्या नंबरवर नवीन खातं काढलं आणि जोडायला गेला, तर संदेश आला की हे उपकरण आधीच दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे.

ॲप काढल्यानं खातं सुटत नाही, कारण अनेक कंपन्यांच्या बँडमध्ये ही गाठ फोनमध्ये नसून कंपनीच्या सर्व्हरवर असते. बँडचा ब्लूटूथ पत्ता आणि मुलाचं खातं यांची जोडी तिथे लिहिलेली राहते. बँड रिसेट केला तरी त्याचा पत्ता तोच राहतो, त्यामुळे सर्व्हर त्याला ओळखतो आणि नवीन खात्याला नाही म्हणतो. काही ब्रँडमध्ये रिसेटनंतर नवीन खातं चालतं, काहींमध्ये चालत नाही. म्हणून भरवसा क्रमावर ठेवावा.

तो क्रम असा. आधी जुन्या खात्यात एकदा शेवटचं सिंक करून घ्यायचं, कारण रिसेटमध्ये बँडवर साठलेली नोंद पुसली जाते. मग जुन्या खात्याच्याच ॲपमध्ये उपकरणाच्या पानावर जाऊन Unpair किंवा Remove device दाबायचं. हे काम मुलाला पुण्यात बसूनही करता येतं, बहुतेक ॲपमध्ये त्यासाठी बँड जवळ लागत नाही. यादीत मात्र जुना बँडच निवडायचा, नाहीतर त्याचं नवीन घड्याळ सुटायचं. त्यानंतर ज्या ज्या फोनला बँड लागला होता, तिथल्या ब्लूटूथच्या यादीतून तो Forget करायचा. मगच बँड रिसेट. शेवटी आईच्या फोनवर आईचं खातं काढून आधी वय, उंची, वजन भरायचं आणि मग ॲपमधूनच बँड जोडायचा.

ब्लूटूथच्या यादीतून Forget करण्याची पायरी लोक गाळतात आणि मग तासभर अडकतात. जोडताना फोन आणि बँड एकमेकांची एक गुप्त किल्ली साठवून ठेवतात. रिसेटमध्ये बँडकडची किल्ली जाते, फोनकडची राहते. फोन जुनी किल्ली पुढे करतो आणि जोडणी तुटते. आयफोनवर अशा वेळी Peer removed pairing information असा संदेश येऊ शकतो. तो दिसला की बँड बिघडला असं समजू नका, Forget करून पुन्हा जोडा.

पुतण्यानं वैतागून फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमधून थेट बँड जोडूनही पाहिला होता. हेडफोन तसे जोडतात, बँड नाही. तिथे जोडलेला दिसला तरी ॲपला काहीच मिळत नाही, शिवाय ॲपच्या शोधात तो दिसेनासा होऊ शकतो.

मुलगा घरी आला की बँड गायब

खातं सुटायच्या आधी काकूंना आणखी एक अनुभव यायचा. शनिवार-रविवार मुलगा घरी असला की त्यांच्या फोनवर बँड सतत "कनेक्ट होत आहे" इतकंच दाखवायचा. सोमवारी आपोआप ठीक. बहुतेक बँड एका वेळी एकाच फोनशी बोलतात, आणि एकदा जोडले गेले की आपण इथे आहोत असं इतरांना सांगणं थांबवतात. मुलाचा फोन ओळखीचा असल्यानं घरात शिरताच बँड पकडून ठेवायचा. अशी शंका असेल तर दुसऱ्या फोनचं ब्लूटूथ पाच मिनिटं बंद करून बघा. बँड लगेच सापडला तर दोष बँडचा नाही.

दुसऱ्या कुठल्याच फोननं पकडलेला नसूनही ॲपला बँड दिसत नसेल, तर परवानगी बघा. अँड्रॉइड ११ आणि त्याआधीच्या फोनवर ब्लूटूथ शोधासाठी लोकेशन चालू असावं लागतं. अँड्रॉइड १२ पासून त्यासाठी Nearby devices ही वेगळी परवानगी आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी भीतीनं ती नाकारलेली असते.

एकाच माणसाची दोन खाती, एकाच घरात दोन सारखे बँड

कधी चुकीचं प्रोफाइल आपलंच असतं. पहिल्या वेळी मोबाईल नंबरनं लॉगिन केलं, फोन बदलल्यावर गूगलच्या बटणानं. ॲपच्या लेखी ही दोन माणसं. जुनी नोंद "उडाली" म्हणून लोक रडकुंडीला येतात, ती पहिल्या खात्यात शाबूत असते. लॉगआउट करून जुन्या पद्धतीनं आत जाऊन बघा.

आणि नवराबायकोनं एकाच मॉडेलचे बँड घेतले असतील तर शोधताना यादीत एकसारखी दोन नावं येतात. बऱ्याच बँडच्या नावापुढे ब्लूटूथ पत्त्याची शेवटची चार अक्षरं असतात, उदाहरणार्थ 7C1E. तो पत्ता बँडच्या सेटिंगमध्ये About खाली सापडतो. तो जुळवूनच निवडा, किंवा दुसरा बँड तेवढ्या वेळापुरता चार्जिंगला लावून खोलीबाहेर ठेवा.

खाती वेगळी झाली तरी आकडे एकत्रच

अँड्रॉइडवर हेल्थ कनेक्ट नावाची सोय आहे. वेगवेगळी आरोग्य ॲप त्यात नोंद टाकतात आणि तिथून घेतात. तिची साठवण फोनमध्येच असते आणि तिच्या दृष्टीनं एक फोन म्हणजे एक माणूस. काकांच्या घड्याळाचं ॲप काकूंच्या फोनवर असेल आणि दोन्ही ॲपना लिहायची परवानगी असेल, तर खाती कितीही वेगळी असोत, तिथे दोघांची नोंद एकत्र पडते. सेटिंगमध्ये Health Connect शोधा, App permissions मध्ये जा, ज्याचा फोन नाही त्याच्या ॲपची परवानगी काढा आणि त्या ॲपनं टाकलेली नोंद पुसा.

मुलाच्या खात्यात गेलेली पावलं काकूंच्या नवीन खात्यात आणता आली का? नाही. एका खात्यातली नोंद दुसऱ्या खात्यात हलवायची सोय या ॲपमध्ये सहसा नसते. काही कंपन्या नोंदीची फाइल उतरवून देतात, पण दोन मनगटांची सरमिसळ झालेल्या फाइलमधून आईचं काय ते निवडणं कठीण. काकूंनी नवीन खातं सुरू झाल्याची तारीख डॉक्टरांच्या फाइलवर लिहिली आणि त्याआधीचे आलेख दाखवायचे नाहीत असं ठरवलं. माझ्या मते तेच बरोबर होतं.

जुनं घड्याळ घरातून न येता नवी पेठेतून किंवा ओळखीतून विकत घेणार असाल, तर पैसे देण्याआधी विकणाऱ्याला त्याच्या फोनवर तुमच्यासमोर Unpair करायला लावा आणि तिथेच आपल्या फोनला जोडून बघा. ॲपल वॉचला तर ॲक्टिव्हेशन लॉक असतो. घड्याळ नुसतं रिसेट केल्यानं तो निघत नाही, जुन्या मालकानं आपल्या आयफोनवरून ते अनपेअर करावं लागतं किंवा आपल्या ॲपल खात्यातून काढावं लागतं. विकणारा "पासवर्ड विसरलो, नंतर करून देतो" म्हणाला तर ते घड्याळ घेऊ नका.