फोटो चढवल्यावर उत्तराला उशीर: चूक मॉडेलची नव्हती

माझ्या एआय चॅट ॲपमध्ये फोटो चढवला की उत्तराचा पहिला शब्द यायला चार सेकंद लागायचे. मी मॉडेललाच दोष देत होतो. शेवटी प्रत्येक टप्प्यावर वेळेची नोंद टाकली, तर जवळपास दोन सेकंद मॉडेलच्या आधीच, सुरक्षा तपासणीत जात होते.

तपासण्या तीन: आधीच बंदी असलेल्या चित्रांशी हॅश, म्हणजे चित्राचा अंकी ठसा, जुळवणे, नग्नता किंवा हिंसा ओळखणे आणि चित्रातला मजकूर वाचणे. त्या एकामागून एक चालत, आणि प्रत्येक तपासणी मूळ जेपीईजी नव्याने उलगडत होती. ४००० × ३००० पिक्सेलचा फोटो मेमरीत उलगडला की ३६ एमबी होतो, आणि हे तीनदा!

आता फोटो एकदाच उलगडतो आणि तिन्ही तपासण्या एकाच वेळी सुरू होतात. नग्नता ओळखणारे मॉडेल चित्र २२४ पिक्सेलचेच घेते, म्हणून त्याला लहान प्रत देतो. उत्साहात मजकूर वाचणाऱ्यालाही तीच दिली, तर चाचणीत कोपऱ्यातली बारीक शिवी सरळ निसटली. त्याला पुन्हा मोठी प्रत दिली.

आता उशीर सर्वात संथ तपासणीइतकाच, म्हणजे मजकूर वाचण्याइतका: साधारण पाऊण सेकंद. तिन्ही निकाल येईपर्यंत फोटो उत्तर देणाऱ्या मॉडेलकडे जात नाही. हे थांबणे मी मुद्दाम ठेवले आहे.