निकालानंतरची पोस्ट: 'मी करून दाखवलं'पासून 'तुमच्यामुळे जमलं'पर्यंत

नागपुरात नंदनवनला मी अभ्यासिका चालवते. राज्यसेवेचा निकाल लागला की त्या रात्री मुलं पोस्ट लिहून मला दाखवायला आणतात. काटोलकडच्या एका मुलाने तिसऱ्या प्रयत्नात यादीत नाव आल्यावर हे लिहून आणलं होतं:

"शेवटी करून दाखवलं! राज्यसेवा क्लिअर, अधिकारी झालो! 3 वर्षं, रोज 14 तास अभ्यास. ना सण, ना लग्नं. 'अजून किती वर्षं?' म्हणून हसणाऱ्यांना आज उत्तर मिळालं. मेहनतीला पर्याय नाही. आईवडील, मित्र, सर्वांचे मनापासून आभार."

पोरगा मनाने साधा आहे. पण पोस्टमध्ये आभाराचं वाक्य एकच, तेही शेवटी, आणि कुणाचे कशाबद्दल आभार ते त्यात नाहीच. हीच पोस्ट आम्ही दोघांनी बसून बदलली, ती अशी.

आधी खोडाखोड केली. हसणाऱ्यांना दिलेलं उत्तर पहिलं गेलं, कारण ते वाचून गावातला प्रत्येक काका 'हे मलाच म्हटलं का' असा विचार करत बसतो आणि आभार बाजूला राहतात. मग '14 तास' गेले. त्याच टेबलावर तितकेच तास बसून यंदा ज्यांचं नाव आलं नाही, त्यांना तो आकडा लागतो. 'अधिकारी झालो' हे तर चूकच होतं. आयोग शिफारस करतो, नियुक्तीचा आदेश नंतर शासनाकडून येतो. म्हणून 'शिफारस झाली' एवढंच लिहायचं. 'तिसरा प्रयत्न' मात्र मी ठेवायला लावलं. आधीचं अपयश लिहिलं की त्या काळात कोण सोबत होतं ते सांगायला जागा होते.

दुसरं काम कागदावर. माणसांची नावं आठवत बसलं की क्लासचे सर, मोठे पाहुणे आधी सुचतात आणि डबेवाली काकू राहून जाते. त्यापेक्षा पूर्व, मुख्य आणि मुलाखत असे 3 रकाने पाडायचे आणि प्रत्येकाखाली अडलेला एकेक दिवस लिहायचा. त्या दिवशी कोण आलं, ते आपोआप समोर येतं. याच्या पूर्वच्या रकान्यात मे महिना आला. खोलीतला कूलर बंद पडला होता, तेव्हा घरमालकांनी खालची खोली उघडून दिली. मुख्यच्या रकान्यात रूममेट आला. तो रोज रात्री याची निबंधाची उत्तरं वाचून लाल पेनाने खुणा करायचा. यंदा त्याचं स्वतःचं नाव यादीत नाही. मुलाखतीच्या रकान्यात बहीण होती. तिने इस्त्री केलेला शर्ट काटोलहून एसटीने पाठवला होता.

आता प्रत्येकाला एक वाक्य द्यायचं, आणि त्यात त्या माणसाने केलेलं काम हवं. 'मोलाचं सहकार्य लाभलं' हे कुणालाही चिकटवता येतं, म्हणून ते कुणाचंच राहत नाही. 'लाल पेनाने उत्तरं तपासली' हे एकाच माणसाचं आहे. 5-6 माणसं पुरेत. बाकीच्यांना फोन करायचा. यादी 30 नावांवर गेली की प्रत्येक जण फक्त स्वतःचं नाव शोधतो.

टाकण्याआधी ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना वाचून दाखवायचं. ही पायरी मुलं गाळतात, आणि नेमकं इथेच दुखावणं होतं. रूममेटला मजकूर आधी दाखवला. तो म्हणाला, "माझं नाव राहू दे, पण मी नापास झालो ते नको लिहू." पहिल्या खर्ड्यात वडिलांनी फीसाठी बैलजोडी विकल्याचंही होतं. ते फोनवर ऐकून वडील म्हणाले, "ते बैलाचं काहून टाकून रायला बाप्पा? लोकाईले काय सांगाचं ते." ते वाक्य काढलं. याला मनापासून वाईट वाटलं, पण घरची अडचण गावभर सांगायची की नाही, हे ठरवण्याचा हक्क वडिलांचा होता.

शेवटी मजकूर असा झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेटसला गेला:

"राज्यसेवेसाठी माझी शिफारस झाली. हा तिसरा प्रयत्न होता. पहिल्या दोन निकालांनंतर बाबांनी 'पुढचा फॉर्म कधी भरतो' एवढंच विचारलं. मे महिन्यात घरमालक काकांनी खालची थंड खोली दिली. माझ्या रूममेटने रोज रात्री स्वतःचं पुस्तक मिटून माझी उत्तरं लाल पेनाने तपासली. त्या वह्या माझ्याजवळ जपून ठेवल्या आहेत. मेसच्या काकूंनी उशीर झाला तरी डबा झाकून ठेवला. मुलाखतीला ताईने पाठवलेला शर्ट घातला होता. रविवारी घरी येतोय, सगळ्यांना भेटतो."