कंडक्टोमेट्रिक टायट्रेशन: सर्वांत कमी रीडिंगला एंड पॉइंट समजू नका

नागपुरात बीएस्सीच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासताना एक चूक मला दरवर्षी सापडते. तक्त्यात वाहकता जिथे सर्वांत कमी, त्याच आकड्याभोवती गोल करून मुलं ‘एंड पॉइंट’ लिहून मोकळी होतात. आलेख काढलेला असतो, पण त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

एक उदाहरण घ्या. १० मिली हायड्रोक्लोरिक आम्ल पिपेटने बीकरमध्ये घेतलं, सेल नीट बुडावा म्हणून ४० मिली डिस्टिल्ड वॉटर घातलं आणि ब्युरेटमधून ०.१ मोलर कॉस्टिक सोडा १-१ मिली सोडला. ३ मिलीला रीडिंग साधारण २.००, ४ ला १.४१, ५ ला १.२४ आणि ६ ला १.६६ मिलिसिमेन्स प्रति सेंमी. सर्वांत कमी ५ ला, म्हणून आम्ल ०.०५० मोलर? नाही. उतरती आणि चढती रेष वाढवली की त्या ४.६ मिलीला छेदतात. आम्ल ०.०४६ मोलर आहे. खरा कोपरा दोन रीडिंगांच्या मध्ये पडला होता, तिथे आपण थांबलोच नव्हतो.

रेषा उतरते, कारण अतिशय चपळ हायड्रोजन आयनाची जागा संथ सोडियम आयन घेतो. २५ अंशांना त्यांची मोलर वाहकता अंदाजे ३५० आणि ५०. आम्ल संपलं की जास्तीचा हायड्रॉक्साइड, सुमारे १९९, रेषा वर नेतो. म्हणून चढण उताराइतकी तीव्र नसते. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून रेषा ओढूनताणून बसवू नका. कोपऱ्याच्या अगदी जवळचे बिंदू गोलसर आले, तर ते सोडा आणि दोन्हीकडचे लांबचे चार-चार बिंदू धरा. सोड्याने हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषला असेल, तर हा गोलवा जास्त दिसतो.

रेषाच वाकड्या आल्या तर आकारमानाची दुरुस्ती राहिली असं समजा. प्रत्येक रीडिंगला (५० + घातलेला सोडा) भागिले ५० ने गुणायचं. इथे फार जण ५० ऐवजी १० लिहितात, कारण पिपेटने १० घेतलं हेच डोक्यात असतं. ८ मिलीला खरा गुणक १.१६ आहे, १० धरला तर तो १.८ होतो आणि सरळ रेषेचं धनुष्य बनतं. सुरुवातीला घातलेल्या पाण्याने एंड पॉइंट हलत नाही. मात्र मध्येच सेल धुऊन ते पाणी बीकरमध्ये सोडलं, तर पुढची सगळी रीडिंग बिघडतात.

आणि मे महिन्यात कूलरसमोर बीकर ठेवू नका. तापमान १ अंशाने बदललं तरी वाहकता सुमारे २ टक्क्यांनी सरकते. मुलं जेवायला जाऊन आल्यावर उरलेली रीडिंग घेतात, तेव्हा चढती रेष उतरतीपेक्षा वेगळ्या तापमानाची असते आणि छेदनबिंदू चुकतो. सेल कॉन्स्टंट थोडा चुकला तरी एवढं बिघडत नाही; सगळे बिंदू एकाच पटीत वरखाली होतात, छेद तिथेच राहतो.